चार शाखा, एक बजेट: नाशिकरोडवर अन्याय होऊ देऊ नका

समजा, चष्म्याच्या दुकानाच्या चार शाखा आहेत: कॉलेज रोड, पंचवटी, सिडको आणि नाशिकरोड. गूगल ॲड्समध्ये प्रत्येकीची वेगळी कॅम्पेन आहे आणि चौघींना मिळून रोजचं १५०० रुपयांचं सामायिक बजेट. हे बजेट समान वाटलं जात नाही. जिथे सर्च जास्त, तिकडे पैसा वाहतो. कॉलेज रोड १००० रुपये घेते आणि २० फोन मिळवते. नाशिकरोडच्या वाट्याला १५० रुपये येतात आणि फोन ५. महिनाअखेरीस मालक नाशिकरोडच्या मॅनेजरला झापतात. हिशेब नीट मांडा ना! कॉलेज रोडला एक फोन ५० रुपयांना पडला, नाशिकरोडला ३० रुपयांना.

म्हणून रिपोर्टमध्ये फोनच्या आकड्याशेजारी खर्च, प्रतिफोन खर्च आणि `Search lost IS (budget)` हे रकाने ठेवाच. शेवटचा रकाना सांगतो, बजेट कमी पडल्यामुळे किती टक्के वेळा जाहिरात दिसलीच नाही. नाशिकरोडचा हा आकडा मोठा असेल तर तिला सामायिक बजेटमधून बाहेर काढा, महिनाभर स्वतःचे रोजचे ४०० रुपये द्या आणि उरलेल्या तिघींना ११००. पैसे वाढल्यावर प्रतिफोन खर्च थोडा चढेल, तेवढं धरून चाला.

लोकेशन सेटिंगही तपासा. तिथे `Presence` निवडा, नाहीतर पुण्यात बसून नाशिकबद्दल शोधणाऱ्यालाही जाहिरात दिसू शकते. आणि नाशिकरोडच्या जाहिरातीत 'रेल्वे स्टेशनजवळ' असं लिहा, नुसतं 'नाशिकमध्ये' नको.