गेमवरून पटकथा लिहिताना या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेतल्या एका मित्राच्या घरी दर रविवारी आम्ही पाच-सात जण एकमेकांच्या पटकथा मोठ्याने वाचतो. हल्ली येणाऱ्या तरुण मुलांच्या पटकथांपैकी बऱ्याच त्यांच्या आवडत्या व्हिडिओ गेमवर बेतलेल्या असतात. ही मुले ते गेम मनापासून खेळलेली असतात, कोणत्या वळणावर कोण भेटतो हे त्यांना तोंडपाठ असते, आणि तरीही वाचन सुरू झाले की चौथ्या-पाचव्या पानावर ऐकणाऱ्यांचे लक्ष उडते. नेमक्या याच ठिकाणी मोठमोठ्या स्टुडिओंचे चित्रपटही घसरले आहेत, म्हणून त्या चुका येथे सविस्तर मांडत आहे.

मिशनमागून मिशन उतरवून काढणे

सर्वाधिक आढळणारी चूक हीच. मिरजेच्या एका विद्यार्थ्याने 'द लास्ट ऑफ अस' या 2013 च्या गेममधला बिलच्या गावाचा भाग घेऊन पंधरा मिनिटांच्या लघुपटाची पटकथा लिहिली होती. तो भाग माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. बुरशीच्या संसर्गाने जग उद्ध्वस्त झाले आहे. जोएल नावाचा प्रौढ माणूस एली या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन निघाला आहे, आणि गाडी मिळावी म्हणून तो बिल नावाच्या जुन्या ओळखीच्या माणसाच्या गावात येतो. तिथे तो बिलनेच लावलेल्या फासात अडकतो. दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन म्हणून फ्रीज बांधलेला असतो. जोएल उलटा लटकलेला आणि एली दोर कापत असलेली, अशा अवस्थेत खेळाडूला धावून येणाऱ्या संसर्गितांवर गोळ्या झाडाव्या लागतात. पुढे बॅटरीच्या शोधात शाळेपर्यंत जाणे, तिथे बॅटरी न मिळणे, एका महाकाय संसर्गिताशी झुंज, आणि शेवटी एका घरात बिलच्या साथीदाराचा, फ्रँकचा, गळफास घेतलेला मृतदेह सापडणे.

त्या विद्यार्थ्याने हे सगळे कृष्णाकाठच्या एका पुराने ओस पडलेल्या गावात आणले होते, आणि वातावरण खरोखरच चांगले जमले होते. पण वाड्याची किल्ली, मग कपाट, मग ट्रॅक्टरची बॅटरी असा शोधच साडेचार पाने चालला होता. गेममध्ये तो शोध कंटाळवाणा वाटत नाही, कारण शोधणारा हात आपला असतो. कंट्रोलर हातात असतो, गोळ्या संपत आलेल्या असतात, चुकलो तर मागे जाऊन पुन्हा करावे लागणार हे ठाऊक असते. पडद्यावर मात्र तेच काम दुसरा कोणीतरी करत असतो आणि आपण हात बांधून बसलेले असतो. खेळाडूच्या मनात जी ओढ हाताच्या कष्टाने तयार होते, ती पडद्यावर आपोआप येत नाही. ती दुसऱ्या कशातून तरी तयार करावी लागते.

ही चूक ओळखायची साधी रीत आहे. प्रत्येक दोन प्रसंगांच्या मधे कोणता शब्द बसतो ते पाहावे. 'म्हणून' किंवा 'पण' बसत असेल तर गोष्ट पुढे जात आहे. नुसते 'आणि मग' बसत असेल, तर तुम्ही गेमच्या लेव्हल लिहून काढत आहात.

याच भागाचे एचबीओच्या 2023 च्या मालिकेत काय झाले, हे म्हणूनच बारकाईने पाहण्यासारखे आहे. पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात फास नाही, उलटा लटकलेला जोएल नाही, शाळा नाही आणि तो महाकाय संसर्गितही नाही. त्याऐवजी बिल आणि फ्रँक यांचे सोळा-सतरा वर्षांचे सहजीवन दाखवले आहे. बिलने खणलेल्या खड्ड्यात फ्रँक पडतो, जेवायला राहतो आणि मग कायमचाच राहतो. पियानोवर गाणे होते, अंगणात स्ट्रॉबेरी लागते, दोघे म्हातारे होतात आणि आजारी फ्रँकबरोबर बिलही स्वतःच्या इच्छेने मरण पत्करतो. जोएल आणि एली पोहोचतात तेव्हा घरात फक्त एक पत्र असते. गेममध्ये मात्र फ्रँक बिलला कंटाळून निघून गेलेला असतो, आणि त्याने मागे ठेवलेली चिठ्ठी तिरस्काराने भरलेली असते.

इतका बदल झाल्यावर काही चाहते रागावले, आणि तो राग मी समजू शकतो. पण बहुसंख्य प्रेक्षकांनी हा भाग डोक्यावर घेतला. याचे कारण माझ्या मते असे की, मूळ भागाने कथेत जे काम केले होते ते मालिकेने सोडले नाही. गेममधला बिल जोएलला एक इशारा असतो: कोणाचीही काळजी न करता जगलास तर असा एकटा उरशील. मालिकेतला बिल त्याच प्रश्नाचे उलट बाजूचे उत्तर देतो. त्याचे पत्र जोएलला सांगते की जपण्यासारखे माणूस सापडले तर त्याला जपणे हेच आपल्यासारख्यांचे काम. दोन्हीकडे हा भाग अशा जागी येतो, की जिथे जोएलने एलीला पुढे न्यायचे मनापासून ठरवलेले नाही. दोन्हीकडे शेवटी चालू गाडी मिळते. प्रसंग बदलले, उत्तर बदलले, पण प्रश्न आणि त्याची जागा तीच राहिली.

तेव्हा गेममधला एखादा भाग घेताना आधी एका ओळीत लिहावे: हा भाग संपल्यावर मुख्य पात्राच्या मनात काय बदलते? ती ओळ लिहिता आली नाही तर तो भाग फक्त हातासाठी होता असे समजावे आणि तो निःशंक मनाने काढून टाकावा.

जगाचा नियम मोडणे

चाहत्यांना प्रत्येक बदल खुपतो, हा समज बरोबर नाही. 'द लास्ट ऑफ अस' गेममध्ये हवेत बीजाणू असतात आणि पात्रांना तोंडाला मुखवटे लावावे लागतात. मालिकेने पहिल्या सीझनमध्ये ते बीजाणू काढले आणि त्याऐवजी तोंडातून बाहेर येणारे तंतू आणले. मुखवट्यामागे नटाचा चेहरा दिसत नाही, ही मालिकेची खरी अडचण होती. हा बदल बहुतेकांनी पचवला, कारण चावा बसला की माणूस गेला, हा त्या जगाचा मुख्य नियम शाबूत होता.

याउलट 2005 च्या 'डूम' चित्रपटाचे पाहा. मंगळावरच्या प्रयोगशाळेतून नरकाचे दार उघडते आणि तिथून राक्षस येतात, ही त्या गेमची ओळख. चित्रपटाने नरक काढला आणि जनुकांतील फेरफार आणला. शेवटाकडे काही मिनिटे गेमसारखाच नायकाच्या डोळ्यांतून दिसणारा प्रसंग घातला होता, पण तोवर ज्या जगात तो प्रसंग घडायचा ते जगच उरले नव्हते.

'हेलो' मालिकेचे उदाहरण थोडे अवघड आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. या गेमचा नायक, चिलखतधारी सैनिक मास्टर चीफ, कधीही चेहरा दाखवत नाही, आणि त्या शिरस्त्राणाच्या आत खेळाडू मनाने स्वतःला बसवतो. 2022 मध्ये आलेल्या मालिकेने पहिल्याच भागात ते शिरस्त्राण उतरवले. अनेक तासांच्या मालिकेला चेहरा हवा असतो, हे मी पटकथा वाचणारा माणूस म्हणून नाकारणार नाही. पण तो चेहरा दिसण्याची वेळ प्रेक्षकाला कमवू द्यायला हवी होती. नायकाशी नाते जुळण्याआधीच ते घडल्यामुळे जुन्या चाहत्याने आपली जागा गमावली आणि नव्या प्रेक्षकाला तो क्षण मोठा आहे हे कळलेसुद्धा नाही. दोन सीझननंतर 2024 मध्ये मालिका बंद झाली. त्यामागे हे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही, परंतु चाहत्यांची तक्रार तिथूनच सुरू झाली हे खरे.

आपल्याकडे ही गोष्ट समजायला फार लांब जावे लागत नाही. 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी याच सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे प्रत्येक प्रेक्षकाला माहीत होते. सूत्रधार पदे गात असे आणि नट आपापली भाषणे आयत्या वेळी रचत, तरी प्रेक्षक बसून राहत. भाषणे बदललेली चालत होती. धनुष्य दुसऱ्याच कोणी मोडले असते तर चालले नसते. गेमच्या चाहत्याची अपेक्षा याहून फारशी वेगळी नसते. आपल्या पटकथेतले 'धनुष्य' कोणते, हे लिहायला बसण्यापूर्वी ठरवून घ्यावे.

वेळ भलतीकडे खर्च करणे

2016 च्या 'असॅसिन्स क्रीड' मध्ये पंधराव्या शतकातला स्पेन आहे, छपरांवरून धावणे आहे, लपून केलेला वार आहे, आणि लोक तेच पाहायला आले होते. चित्रपटाचा मोठा भाग मात्र आजच्या काळातल्या, पूर्वजांच्या आठवणी जगायला लावणाऱ्या यंत्राच्या आणि ते चालवणाऱ्या संस्थेच्या खुलाशात गेला. गेममध्येही तो आधुनिक धागा आहे, पण तिथे तो तोंडी लावण्यापुरता असतो. आपल्या पटकथेची पाने मोजावीत: खेळाडू ज्या कामात सर्वाधिक तास घालवतो, त्याला एकूण पानांपैकी किती मिळाली?

नायक नसलेल्या गेममध्ये नायक शोधणे

काही गेममध्ये नायक खेळाडूनेच घडवलेला असतो, आणि कोणताही एक नायक निवडला तरी हजारो खेळाडूंना तो परका वाटतो. 2024 च्या 'फॉलआउट' मालिकेने तिथे नवीच तीन पात्रे आणली. तळघरातून आलेली सरळमार्गी लूसी, बळकट चिलखताच्या मोहात पडलेला मॅक्सिमस आणि अणुयुद्धाच्या किरणोत्सर्गाने विद्रूप होऊन दोनशे वर्षे जगलेला, सगळी भीड संपलेला घूल. ज्यांनी तो गेम खेळला आहे, त्यांना या तिघांत खेळण्याच्या तीन तऱ्हा दिसतील: नियमाने खेळणारा, सामान जमवणारा आणि वाटेत येईल त्याला उडवणारा. जुन्या कथेतून एकही मिशन न उचलता चाहत्याला आपली ओळख पटली.

चाहत्यांचे ऐकावे कुठे?

रूपाच्या बाबतीत चाहते सहसा बरोबर असतात. 2019 मध्ये 'सॉनिक' चित्रपटाच्या पहिल्या झलकेत त्या गेममधल्या निळ्या प्राण्याला माणसासारखे दात दिसले, लोक संतापले, निर्मात्यांनी प्रदर्शन पुढे ढकलून त्याचे रूप नव्याने घडवले आणि 2020 मध्ये आलेला चित्रपट चालला. ती तक्रार नेमकी होती आणि दुरुस्त होण्यासारखी होती. 'कथा गेमसारखी नाही' ही तक्रार मात्र तशी नसते. तिच्या मागे काय हरवले आहे ते लेखकालाच शोधावे लागते. आणि चाहते नाराज म्हणजे चित्रपट पडला असेही नाही. 'रेसिडेंट ईव्हिल'ची नायिका अ‍ॅलिस मूळ गेममध्ये नव्हतीच, तरी 2002 ते 2016 या काळात तिच्यावर सहा चित्रपट निघाले.

मिरजेच्या त्या विद्यार्थ्याने तीन आठवड्यांनी पटकथा पुन्हा आणली. बॅटरीचा शोध साडेचार पानांवरून अर्ध्या पानावर आला होता. त्याऐवजी वाड्यातला म्हातारा पाहुण्यांसाठी चहा ठेवतो, सवयीने एक कप जास्त मांडतो, त्यात चहा ओतायला लागतो, थांबतो आणि तो कप पुसून पुन्हा फडताळात उपडा ठेवतो. पुराविषयी किंवा गेलेल्या माणसाविषयी कोणी एक शब्द बोलत नाही. बॅटरी सापडते ती दुसऱ्या, कोणी न झोपलेल्या खाटेखाली. ते पान वाचून झाल्यावर आमच्यापैकी ज्याने तो गेम कधीच खेळला नव्हता, त्याने विचारले, "दुसरी खाट कोणाची?"