मोबाइलवर काढलेल्या बिलांची ओसीआरपूर्व सफाई : या चुका टाळा

हार्डवेअरच्या दुकानातील एक साधे जीएसटी बिल उदाहरणादाखल घेऊ. कागद ए५ आकाराचा आहे, छपाई साधारण ८ पॉइंटची आहे, फोटो संध्याकाळी काउंटरवर काढलेला आहे आणि फोन थोडा तिरका धरल्यामुळे बिलाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर हाताची सावली पडली आहे. बिलावर करपात्र रक्कम ४,८५०.०० रुपये, सीजीएसटी ९ टक्क्यांनी ४३६.५० रुपये, एसजीएसटी तितकाच आणि एकूण ५,७२३.०० रुपये असे आकडे आहेत. हा फोटो ओपनसीव्हीने ‘स्वच्छ’ करून टेसरॅक्टला दिला असता दुकानाचे नाव नीट वाचले जाते, मात्र सीजीएसटी ४३६५० होऊन बाहेर पडतो. अशा वेळी दोष बहुधा मजकूर वाचणाऱ्या इंजिनाचा नसून सफाईचा असतो. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर चित्र किती उजळ दिसते यापेक्षा दशांश टिंब टिकले आहे की नाही, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

फोटो कोणत्या वाटेने आला, हे न पाहणे

बिलांचे फोटो बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरून येतात आणि नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत लहान होतो. त्याची लांब बाजू साधारणपणे १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. फोनमधील मूळ फोटोची लांब बाजू ४००० पिक्सेल असेल आणि बिलाने त्या बाजूचा ७० टक्के भाग व्यापला असेल, तर २१० मिलिमीटर उंचीच्या कागदाला २८०० पिक्सेल मिळतात, म्हणजे सुमारे ३४० डीपीआय. लहान केलेल्या फोटोत त्याच कागदाला ११२० पिक्सेल, म्हणजे जेमतेम १३५ डीपीआय मिळतात. ८ पॉइंटच्या छपाईत कॅपिटल अक्षराची उंची सुमारे २ मिलिमीटर असते. मूळ फोटोत ती २७ पिक्सेलच्या जवळ भरते, तर लहान फोटोत ११ पिक्सेलवर येते. टेसरॅक्टला अक्षराची उंची २० ते ३० पिक्सेल असलेली सोयीची पडते.

लहान फोटो नंतर मोठा केल्याने अक्षरे आकाराने वाढतात, परंतु हरवलेला तपशील परत येत नाही. साधारण एक तृतीयांश मिलिमीटर व्यासाचे दशांश टिंब मूळ फोटोत चारेक पिक्सेल रुंद असते आणि लहान फोटोत दोन पिक्सेलही धड नसते. शिवाय जेपीईजी दाबणीमुळे ते आजूबाजूच्या करड्या डागांत मिसळते. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. हा उपाय पुढच्या कोणत्याही कोडपेक्षा स्वस्त आहे.

तिरकेपणा म्हणजे केवळ फिरणे, असे समजणे

आंतरजालावरील पुष्कळ कोड सगळ्या काळ्या पिक्सेलभोवती `cv2.minAreaRect` लावून कोन काढते आणि चित्र फिरवते. स्कॅनरवर वाकडा ठेवलेल्या कागदासाठी हे पुरते. फोन तिरका धरलेला असेल तेव्हा मात्र कागदाची दूरची कड आखूड आणि जवळची कड लांब दिसते. वरच्या ओळी एका अंशाने आणि खालच्या ओळी चार अंशांनी कललेल्या असल्या, तर कोणत्याही एका कोनाने चित्र फिरवले तरी सगळ्या ओळी सरळ होणार नाहीत. वरच्या आणि खालच्या ओळींचा कल वेगवेगळा मोजून पाहिला की हा दोष लगेच ओळखू येतो. (ओपनसीव्ही ४.५.१ पासून `minAreaRect` कोन देण्याची पद्धत बदलली आहे. जुन्या लेखातील कोड नव्या आवृत्तीवर चालवल्यास बिल ९० अंशांनी आडवे झालेले दिसते, त्याचे हेच कारण असते.)

योग्य मार्ग असा की कागदाचे चार कोपरे शोधावेत आणि `getPerspectiveTransform` व `warpPerspective` वापरून ते ए५च्या प्रमाणातील आयतावर बसवावेत. ३०० डीपीआयला ए५ म्हणजे १७४८ × २४८० पिक्सेल. येथे एक फसवी अडचण येते. पांढऱ्या टाइलवर किंवा फिकट सनमायकावर ठेवलेल्या बिलाची कड उठून दिसत नाही, त्यामुळे कोपरे शोधणारा कोड कागदाऐवजी मालाच्या तक्त्याची जाड चौकट पकडतो. मग चित्र अगदी सरळ आणि देखणे निघते, मात्र तक्त्याच्या वरचा दुकानाचा जीएसटीआयएन आणि बिल क्रमांक कापला गेलेला असतो. त्यासाठी सापडलेल्या चौकोनाबाहेर काळा मजकूर उरला आहे का, हे तपासावे, आणि उरला असल्यास कोपरे हाताने द्यावेत. कागद दुमडलेला किंवा बाक आलेला असेल, तर चार कोपऱ्यांच्या या पद्धतीने ओळींचा बाक जात नाही. असे बिल सपाट दाबून पुन्हा फोटो काढणेच बरे.

संपूर्ण बिलाला एकच उंबरठा लावणे

सर्वाधिक नुकसान होते ते अंधुक आणि सावलीच्या फोटोत. आपल्या बिलाच्या उजव्या वरच्या भागात कागदाची छटा २१० आणि शाईची ९० आहे, तर सावलीतल्या कोपऱ्यात कागद ९५ आणि शाई ४५ आहे, असे धरू (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). उजेडातील शाई आणि सावलीतील कागद यांत अवघ्या ५ छटांचे अंतर उरले आहे. काळे-पांढरे वेगळे करणारा उंबरठा, म्हणजे थ्रेशोल्ड, १२८ ठेवला तर सावलीतला सगळा कोपरा काळा होतो, आणि ८५ ठेवला तर उजेडातील शाई कागदासह पांढरी होऊन जाते. पूर्ण चित्राची चमक किंवा कॉन्ट्रास्ट वाढवूनही हा पेच सुटत नाही, कारण शाई आणि कागद दोन्ही एकत्रच वर सरकतात.

उपाय असा की प्रत्येक ठिकाणचा कागद किती उजळ आहे याचा अंदाज घ्यावा आणि मूळ छटेला त्या अंदाजाने भागावे:

```python
gray = cv2.cvtColor(img, cv2.COLOR_BGR2GRAY)
bg = cv2.dilate(gray, np.ones((15, 15), np.uint8))
bg = cv2.medianBlur(bg, 51)
flat = cv2.divide(gray, bg, scale=255)
```

येथे `dilate` अक्षरांच्या बारीक रेषा पुसून फक्त कागद उरवते आणि मोठा मीडियन तो कागद गुळगुळीत करतो. भागाकारानंतर उजेडातील शाई ९० ÷ २१० × २५५, म्हणजे १०९ होते, सावलीतील शाई ४५ ÷ ९५ × २५५, म्हणजे १२१ होते, आणि दोन्हीकडचा कागद २५५ वर येतो. आता एकच थ्रेशोल्ड आरामात चालतो. १५ हा आकडा ३०० डीपीआयच्या चित्रासाठी आहे आणि तो सर्वांत जाड अक्षराच्या रेषेपेक्षा मोठा असायला हवा. तो लहान राहिला तर ठळक छापलेली एकूण रक्कम मधून पोकळ होते. तक्त्याच्या शीर्षकाला गडद पट्टी आणि पांढरी अक्षरे असतील, तर तेवढा भाग वेगळा कापून उलटा करावा, कारण ही पद्धत गडद पट्टीलाच कागद समजते.

याच टप्प्यावर आणखी एक चूक घडते, ती म्हणजे टेसरॅक्टला काळे-पांढरे चित्रच द्यायला हवे असा समज. पानाची मांडणी ओळखण्यासाठी लागणारे काळे-पांढरे रूप टेसरॅक्ट स्वतः तयार करते. `flat` हे करड्या छटांचे चित्र आधी तसेच देऊन पाहावे. अक्षरांच्या कडांवरील मधल्या छटा टिकल्याने पुष्कळदा ते हाताने केलेल्या काळ्या-पांढऱ्या चित्रापेक्षा चांगले वाचले जाते.

ठिपके पुसताना टिंब पुसणे

कमी उजेडातील फोटोत कणकण दिसतात आणि ते घालवण्यासाठी ५ × ५ चा `medianBlur` सवयीने लावला जातो. त्या खिडकीत २५ पिक्सेल असतात आणि काळा रंग टिकण्यासाठी त्यांपैकी किमान १३ पिक्सेल काळे लागतात. चार पिक्सेल व्यासाच्या गोल टिंबात काळे पिक्सेल असतात साधारण १२. म्हणजे टिंब पूर्ण नाहीसे होते आणि ४३६.५० चे ४३६५० होते. लहान होऊन आलेल्या फोटोत तर ३ × ३ चा मीडियनही पुरतो, कारण दोन बाय दोनच्या टिंबाचे चार पिक्सेल नऊच्या खिडकीत अल्पमतात जातात.

त्यामुळे कणांमुळे वाचनात खरोखर अडथळा येतो आहे असे दिसल्याशिवाय हा टप्पा घेऊच नये, असे माझे मत आहे. घ्यावाच लागला, तर आकारावरून ठिपके न पुसता जागेवरून पुसावेत. ज्या ठिपक्याच्या आसपास एका अक्षराच्या उंचीइतक्या अंतरात कोणतेही अक्षर नाही, तेवढाच पुसावा. कोऱ्या समासातील घाण त्यामुळे जाते आणि अंकांमधील टिंब राहते.

रेघा काढताना शिरोरेखा काढणे

तक्त्याच्या आडव्या रेघा शोधण्यासाठी ४० × १ अशा पट्टीने मॉर्फॉलॉजिकल ओपनिंग करण्याचा सल्ला सर्रास आढळतो. इंग्रजी बिलावर तो निभावतो. मराठीत छापलेल्या मालाच्या नावांवर मात्र त्याने शिरोरेखाच कापली जाते, कारण चार-पाच अक्षरांच्या शब्दाची अखंड शिरोरेखा सहज ४० पिक्सेलपेक्षा लांब असते. दुकानाच्या मोठ्या अक्षरांतील नावाचे तर विचारायलाच नको. पट्टी पानाच्या रुंदीच्या एक तृतीयांश, म्हणजे येथे ५८० पिक्सेलच्या आसपास ठेवावी.

एवढ्या लांब पट्टीला रेघही तितकीच सरळ लागते. अर्ध्या अंशाचा कल उरला असेल, तर ५८० पिक्सेलच्या अंतरात रेघ पाच पिक्सेल वर चढते, आणि तीन पिक्सेल जाडीची रेघ मग पट्टीला सापडतच नाही. म्हणून हे काम कोपरे बसवून झाल्यावरच करावे. मराठी-इंग्रजी मिश्र बिलासाठी `-l mar+eng` द्यावे, पण रकमांचा रकाना वेगळा कापून फक्त `eng` ने वाचणे अधिक भरवशाचे असते.

रंगीत कागद आणि शिक्के यांबाबत एवढेच सांगणे पुरे आहे की करड्या छटांत सरळ रूपांतर करण्याऐवजी योग्य रंगवाहिनी निवडावी. गुलाबी प्रतीवर निळ्या कार्बनचा मजकूर असेल तर लाल वाहिनीत कागद उजळ आणि मजकूर गडद दिसतो, आणि काळ्या छपाईवर निळा शिक्का पडला असेल तर निळ्या वाहिनीत शिक्का फिका होऊन छपाई उरते.

चित्र डोळ्यांना छान दिसले म्हणून थांबणे

टेसरॅक्टला आतून नेमके कोणते काळे-पांढरे चित्र मिळाले, ते `-c tessedit_write_images=1` दिल्यावर फाइलमध्ये लिहून मिळते. ते दोनशे टक्के मोठे करून रकमांचा रकाना पाहावा. त्यानंतर बिलाच्याच आकड्यांकडून पडताळणी करून घ्यावी. ४,८५० चे ९ टक्के ४३६.५० येतात आणि दोन्ही कर मिळवले की ५,७२३ होतात. वाचलेला कर ४३६५० असेल तर ही बेरीज जुळणार नाही आणि चूक पकडली जाईल. जीएसटीआयएन १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०), पुढील दहा जागांवर पॅन आणि शेवटी तपासणीचे एक अक्षर किंवा अंक. पॅनमध्ये पाच अक्षरे, चार अंक आणि एक अक्षर असा क्रम ठरलेला असल्याने, अंकाच्या जागी आलेला इंग्रजी ‘ओ’ किंवा अक्षराच्या जागी आलेले शून्य तिथल्या तिथे उघडे पडते.

हिशेब न जुळल्यास सगळे बिल नव्याने स्वच्छ करत बसू नये. ज्या चौकटीतील आकडा जुळत नाही, तेवढीच मूळ फोटोच्या सरळ केलेल्या रंगीत प्रतीतून कापावी, भोवती दहा-बारा पिक्सेलची पांढरी कड ठेवावी, केवळ भागाकाराची सफाई करावी आणि `--psm 7` देऊन एक ओळ म्हणून वाचावी. तरीही टिंब आले नाही, तर ते फोटोतच उरलेले नाही असे समजून दुकानदाराकडून नवा फोटो मागवावा.