विखुरलेल्या वर्गमित्रांचे फोटो एका कार्डात बसवताना

आमच्या दहावीच्या वर्गाच्या ऑनलाइन स्नेहमेळाव्याचं कार्ड मी केलं तेव्हा ४२ जणांचे फोटो होते. सात उभे स्तंभ, सहा ओळी. प्रत्येक चौकट २५० बाय ३०० पिक्सेल.

फोटो मागवताना एकच अट घाला: व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा पाठवला की तो दाबला जाऊन येतो.

आता खरं काम. 'सगळे फोटो एकाच मापात कापा, झालं' असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. मी तेच केलं होतं. चौकटी सारख्या झाल्या, पण एकाचा चेहरा चौकटभर आणि शेजारचा कमरेपर्यंत दिसणारा. वर्ग एकत्र बसलाय असं वाटेचना. सारखे करायचे असतात चेहरे, चौकट नंतर.

त्यासाठी डोक्याच्या उंचीवर जाऊ नका. कुणाचे केस फुगीर, कुणाला टक्कल, कुणाच्या डोक्यावर पदर किंवा टोपी. डोळ्यांमधलं अंतरही नको, कारण मान वळलेली असली की ते कमी भरतं. डोळ्यांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचं अंतर धरा. माझ्या चौकटीत ते १०० पिक्सेल ठेवलं आणि डोळ्यांची रेषा वरून १२० वर. डोळे साधारण डोक्याच्या मध्यावर असतात, त्यामुळे वर थोडी मोकळी जागा राहते आणि खाली खांदे येतात.

आधी फोटो फिरवून दोन्ही डोळे एका आडव्या रेषेत आणा, मगच मोजा. समजा अंतर २६० पिक्सेल भरलं, तर १०० ला २६० ने भागा: फोटो साधारण ३८ टक्क्यांवर आणायचा. मग तो सरकवून डोळे रेषेवर बसवा आणि शेवटी कापा. हा क्रम मोडला की पुन्हा पहिल्यापासून. जीआयएमपी या फोटो संपादनाच्या मोफत प्रोग्राममध्ये वरच्या मोजपट्टीतून गाइड ओढून ती रेषा पक्की करता येते.

अंतर ७० पेक्षा कमी भरलं तर दुसरा फोटो मागा. लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला चेहरा ४० च भरतो. अडीचपट ताणला की डोळे पुसट होतात. हात लांबवून काढलेला सेल्फीही मी परत पाठवतो. इतक्या जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, ते कापून सुधारत नाही. दुसऱ्या कुणाला तरी दीड-दोन मीटरवरून काढायला सांगा.

आमच्यातल्या एका दिवंगत मित्राचा मात्र पिवळा पडलेला एकच फोटो होता, अंतर ५५. तो तसाच घेतला आणि त्याच्यासाठी सगळेच ४२ फोटो कृष्णधवल केले. त्याची चौकट वेगळी काढली नाही, हारही घातला नाही. हजेरीच्या क्रमाने तो त्याच्या जागी बसला.

नावं खाली एकाच टंकात. कार्ड पीएनजीत जतन करा आणि ग्रुपवर तेही डॉक्युमेंट म्हणूनच टाका.