तीळ घरी काढताय? या चुका टाळा

घरी तीळ काढून बसलेला माणूस डॉक्टरांकडे येतो तेव्हा दाखवायला एक व्रण असतो आणि सांगायला एकच वाक्य: "साधाच तीळ होता हो." साधा होता की नव्हता, हे सांगू शकणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे तो तीळ. तो केव्हाच कचऱ्यात गेलेला असतो.

बहुतेक तीळ निरुपद्रवी असतात, हे खरंच. आपल्याकडे मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, फार आढळत नाही, हेही खरं. पण तो आढळत नाही म्हणूनच कुणाला शंकाही येत नाही.

तीळ आणि चामखीळ यांची गल्लत

मानेवर लोंबणारा मऊ, कातडीच्याच रंगाचा दाणा ही चामखीळ. खरखरीत, फुलकोबीसारखा उंचवटा म्हणजे विषाणूमुळे येणारा मस. तीळ यांपैकी काहीच नाही. तो रंगपेशींचा पुंजका असतो आणि त्यातल्या पेशी कातडीच्या खालच्या थरापर्यंत उतरलेल्या असू शकतात. घरगुती उपाय बहुतेक पहिल्या दोघांसाठी सांगितलेले असतात आणि वापरले जातात तिसऱ्यावर. मसावर लावायच्या औषधात साधारण 16.7 टक्के सॅलिसिलिक ॲसिड आणि तितकंच लॅक्टिक ॲसिड असतं. ते तिळावर लावू नका, अशी सूचना त्याच्या माहितीपत्रकात असते. ते माहितीपत्रक कोण वाचतं म्हणा.

क्रीमने जळतं ते वरचं

ऑनलाइन मिळणाऱ्या "तीळ घालवणाऱ्या" काळ्या मलमांत बऱ्याचदा झिंक क्लोराइड आणि ब्लडरूट नावाच्या वनस्पतीचा अर्क असतो. दोन्ही कातडी जाळतात. काळी, जाड खपली धरते, काही दिवसांनी ती गळून पडते आणि खाली गुलाबी कातडी दिसते. जाहिरातीत दाखवतात तो फोटो हाच. मलम फक्त "वाईट" पेशी ओढून काढतं, हा दावा खोटा आहे. ते चांगल्या कातडीलाही सोडत नाही. उलट तळाशी मेलॅनोमाच्या पेशी उरल्या, तर त्यांच्यावर व्रणाचं झाकण बसतं. वरून सगळं बरं दिसतं आणि खाली वाढ चालू राहते. अशा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झालेली आहे.

चुना आणि खायच्या सोड्याचा लेप हा याचाच घरगुती भाऊ. चुना अल्कलीधर्मी असतो. ॲसिडने जळालेल्या पेशी घट्ट होऊन स्वतःच अडसर बनतात. अल्कलीत ऊतक विरघळतं, म्हणून भाजणं आत आत जात राहतं. लेप पुसला तरी काम थांबलं असं समजू नका. नुकताच लावला असेल तर निदान अर्धा तास वाहत्या पाण्याखाली धुवा. त्यावर लिंबू पिळून चुना "मारायला" जाऊ नका.

तळव्यावरचा काळा डाग आणि ब्लेड

आपल्याकडे मेलॅनोमा तळपाय, तळहात आणि नखाखाली जास्त आढळतो. या प्रकाराचा उन्हाशी संबंध नाही, त्यामुळे "आपली कातडी सावळी, आपल्याला कसला धोका" हे इथे लागू होत नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याला फुटबॉल खेळताना लागलंय असं वाटत होतं. 1977 मध्ये तो नखाखालचा मेलॅनोमा निघाला आणि 1981 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी, मार्ली गेला.

आता घडतं कसं ते बघा. पन्नाशीच्या बाईंच्या टाचेवर 7 मिलिमीटरचा काळपट डाग आहे. घरात सगळे म्हणतात, कुरूप आहे. पाय गरम पाण्यात भिजवायचा आणि मऊ झालेली कातडी ब्लेडने तासायची. डाग फिका होतो, पंधरा दिवसांत परत येतो. मग दुकानातून कॉर्न कॅप आणतात. तिच्यात साधारण 40 टक्के सॅलिसिलिक ॲसिड असतं, त्याने कातडी पांढरी पडून सोलते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जखम भरतच नाही, चपलेला रक्त लागतं. तरी आणखी तीन महिने हळद. बाई दवाखान्यात येतात तेव्हा जांघेत गाठ लागते.

इथे नुकसान फक्त उशिराने झालेलं नसतं. मेलॅनोमा पुढे कसा वागेल याचा अंदाज मुख्यतः एका मापावर बांधतात: कातडीच्या वरच्या थरापासून गाठीची सर्वांत खोल पेशी किती मिलिमीटरवर आहे. 1 मिलिमीटरपर्यंत जाडी असेल तर साधारण 1 सेंटिमीटर निरोगी कातडी सोबत काढतात, 2 च्या वर गेली तर 2 सेंटिमीटर. जांघेतली पहिली लसिका ग्रंथी तपासायची का, तेही या मापावरच ठरतं. ब्लेडने वरचा थर तासला की मापाची सुरुवातच हरवते आणि जाडी खऱ्यापेक्षा कमी भरते. शिवाय गाठीवरचं कातडं फाटलेलं दिसलं की आजाराचा टप्पा वरचा धरतात. ते आजाराने फाटलं की ब्लेडने, हे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक वेळी ओळखता येत नाही. म्हणून पॅथॉलॉजिस्टला ब्लेडबद्दल सांगायलाच हवं. लाजून लपवू नका.

माझा नियम साधा आहे: तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली काळं काही दिसलं की ब्लेड, कॅप, मलम काहीही नाही. नखातली काळी रेघ रुंद होत असेल किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरली असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा.

दोरा आणि घोड्याचा केस

दोरा किंवा घोड्याचा केस घट्ट बांधला की देठ असलेल्या चामखिळीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती गळते. सपाट तिळाला बांधणार कुठे? पण काही तीळही लोंबतात, आणि क्वचित मेलॅनोमाही देठावर वाढतो. गळून पडलेला तुकडा मेलेला असतो. तो तपासायला दिला तरी त्यात वाचण्यासारखं फारसं उरत नाही.

पार्लरमध्ये जाळून किंवा लेझरने काढलेल्या तिळाचीही तीच गत: तपासायला तुकडाच नाही.

काढून झालाय, आता?

जुने फोटो शोधा. लग्नातल्या फोटोत तो तीळ दिसत असेल तर तो डॉक्टरांना सोन्याइतका उपयोगी. काय लावलं, कधी, किती वेळा, हे कागदावर लिहा. अर्धवट काढलेला साधा तीळही साधारण सहा महिन्यांत व्रणात परत रंग धरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब मेलॅनोमासारखा दिसू शकतो. आधीची हकीकत सांगितली नाही तर निदान उलटसुलट होतं. रंग व्रणाच्या हद्दीतच असेल तर चिंता कमी. हद्द ओलांडून बाहेर पसरत असेल तर वाट पाहू नका. मात्र दोन्ही वेळा दाखवायचंच.

तीळ काढायचाच असेल, तर लग्न तीन आठवड्यांवर आल्यावर धावपळ करू नका. त्वचारोगतज्ज्ञ आधी डर्मोस्कोप नावाच्या भिंगाने बघतात. शंका असेल तर जागा बधिर करून, भोवतालची साधारण 2 मिलिमीटर कातडी घेऊन, तीळ खालच्या चरबीपर्यंत अख्खा काढतात आणि टाके घालतात. टाके चेहऱ्यावर पाच-सात दिवसांनी निघतात, पाठीवर दोन आठवडे लागतात. तुकडा 10 टक्के फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडायला हवा. बाटलीवर तुमचं नाव आणि शरीरावरची जागा लिहिलीय का, ते निघण्यापूर्वी स्वतः बघा. नंतर रिपोर्ट मागून घ्या आणि त्यात तीळ पूर्ण निघालाय का, कडा मोकळ्या आहेत का, हे डॉक्टरांना विचारा.