ऑपरेशनआधीच्या उपाशी राहण्याच्या सूचना मल्याळममध्ये: वेळ चुकू नये म्हणून

मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत मल्याळी रुग्ण बरेच येतात, आणि भूलतज्ज्ञांच्या सूचनांचा कागद मल्याळममध्ये करून देण्याचं काम कधी ना कधी नव्या अनुवादकाच्या टेबलावर पडतंच. पोट रिकामं का हवं हे तुम्हाला ठाऊक असेल: भूल दिल्यावर गिळण्याचे आणि खोकल्याचे प्रतिक्षेप थांबतात, पोटातलं वर आलं तर ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं. सर्वसाधारण नियमही माहीत असेल: तळलेलं किंवा मांसाहारी जेवण 8 तास आधी बंद, हलका आहार आणि जनावराचं दूध 6 तास, आईचं दूध 4 तास, पाण्यासारखी स्वच्छ पेयं 2 तास. तुमच्या रुग्णालयाचे आकडे वेगळे असतील तर तेच वापरा, स्वतःचं शहाणपण घालू नका.

मोठा सापळा एकच आहे, आणि मराठी माणूस त्यात हमखास सापडतो, कारण आपल्याकडे 'वाजता' आणि 'तास' हे शब्द एकमेकांसारखे दिसतच नाहीत. मल्याळममध्ये 'मणि' म्हणजे घड्याळातली वेळ आणि 'मणिक्कूर' म्हणजे तास. 'आरु मणिक्कूर मुंपु' म्हणजे सहा तास आधी. 'आरु मणिक्कु मुंपु' म्हणजे सहा वाजायच्या आधी. फरक शेवटच्या 'कूर'चा. आता बुधवारी सकाळी 10 वाजता भूल द्यायची आहे असं धरा. मूळ सूचना आहे, सहा तास आधीपासून काही खाऊ नये, म्हणजे पहाटे 4 नंतर बंद. पण छापताना 'कूर' गळला, किंवा आजींच्या चष्म्यातून तो दिसलाच नाही, तर वाक्य होतं 'सहाच्या आधी खाऊ नका'. साहजिकच आजी साडेसहाला दोन इडल्या खाऊन, नियम पाळल्याच्या समाधानात रुग्णालयात येतात. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं तर नशीब. त्यांनी खाल्ल्याचं सांगितलंच नाही तर पुढचं मी लिहीत नाही.

अक्षरं शाबूत राहिली तरी प्रश्न सुटत नाही. 'ऑपरेशनच्या सहा तास आधी खाऊ नका' हे मराठीतही नीट वाचून पाहा. त्या सहा तासांत खायचं नाही, की सहा तास उलटायच्या आधी? 'मुंपु'चंही तसंच. त्यामुळे माझा नियम कडक आहे: रुग्णाच्या हातात जाणाऱ्या कागदावर 'इतके तास आधी' ही रचना नकोच. वजाबाकी रुग्णाने करायची नाही. ती भूलतज्ज्ञांच्या चमूने करून घड्याळातली वेळ लिहून द्यायची. वजाबाकी कुठून करायची हेही रुग्णाला कळत नसतं. साडेसहाला दाखल व्हायचं असेल तर तो साडेसहापासून मोजतो, यादीत नाव खाली गेलं तर आणखी घोळ. तास ठरतात ते भूल सुरू होण्याच्या वेळेपासून.

मग वाक्यं कशी करायची? एकेका हद्दीसाठी दोन वाक्यं, एक परवानगीचं, एक बंदीचं. 'वरे' म्हणजे पर्यंत, 'शेषम' म्हणजे नंतर; या दोन शब्दांवर सगळं काम होतं. आपल्या उदाहरणात भूलतज्ज्ञांनी अन्नासाठी रात्री 11 आणि पाण्यासाठी सकाळी 8 ही वेळ दिली असेल तर:

चोव्वाऴ्च रात्रि 11 मणि वरे भक्षणम कऴिक्काम.
11 मणिक्कु शेषम भक्षणम कऴिक्करुत, पाल कुडिक्करुत.
बुधनाऴ्च राविले 8 मणि वरे पच्चवेळ्ळम कुडिक्काम.
8 मणिक्कु शेषम ओन्नुम कुडिक्करुत, वेळ्ळम पोलुम.

म्हणजे: मंगळवारी रात्री 11 पर्यंत जेवता येईल. 11 नंतर जेवू नका, दूध पिऊ नका. बुधवारी सकाळी 8 पर्यंत साधं पाणी पिता येईल. 8 नंतर काहीही पिऊ नका, पाणीसुद्धा. शेवटचं 'वेळ्ळम पोलुम' म्हणजे हे 'पाणीसुद्धा'. ते काढू नका, कारण 'काहीही पिऊ नका' ऐकूनही पाणी त्यात धरायचं नसतं असं मानणारे खूप आहेत. वार लिहिलाच पाहिजे. कागद चार दिवस आधी हातात येतो, तेव्हा 'आज' आणि 'उद्या' निरर्थक असतात. मूळ मजकुरात 'मध्यरात्र' असेल तर तिथेच थांबा आणि विचारा. 'बुधवारी रात्री 12' कुणी बुधवारची रात्र संपताना धरतो, आणि तोवर ऑपरेशन होऊन गेलेलं असतं. अर्धा तास, पाऊण तास असला की फक्त आकडे, अक्षरी काही नको. आपण पावणेनऊ म्हणतो, मल्याळममध्ये तेच 'एट्टेमुक्काल', म्हणजे आठावर पाऊण. घाईत डोक्यात गोंधळ होतो.

बंदीसाठी '-रुत' शेवटचं क्रियापदच घ्या. 'कऴिक्केण्ड' हे सौम्य वाटतं म्हणून नवखे वापरतात, पण त्याचा सूर 'खायची गरज नाही' असा होतो आणि भुकेला माणूस त्यातून वाट काढतो.

आता पदार्थ. 'क्लिअर लिक्विड'ला शब्दकोशातला प्रतिशब्द शोधत बसू नका. केरळात पेजेला 'कञ्ञी' म्हणतात आणि ती 'पितात', तिच्या निवळीला 'कञ्ञीवेळ्ळम' म्हणतात, म्हणजे नावातच पाणी. 'पाणी चालेल' असं लिहिलं की घरातली मंडळी प्रेमाने तेच देतात, आणि त्यात पिठूळ अंश असतो. साधी 'चाया' म्हणजे दुधाचा चहा. कोरा हवा असेल तर 'कट्टन चाया' हेच नाव. कोट्टयमकडे 'काप्पी' म्हटलं की नुसती कॉफी नाही, सकाळचा नाश्ताही. म्हणून चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या गोष्टींची नावं सुटी सुटी लिहा: पच्चवेळ्ळम चालेल; कञ्ञी, कञ्ञीवेळ्ळम, पाल, मोरु म्हणजे ताक, आणि दुधाचा चहा चालणार नाही. शहाळं आणि घरोघरी उकळलं जाणारं जिऱ्याचं पाणी यांबद्दल भूलतज्ज्ञांना विचारून लिहा. 'उपवासम' हा शब्द टाळा. आपल्याकडे उपवास म्हटल्यावर साबुदाणा खिचडी आठवते, तिकडे 'ओरिक्कल' नावाच्या उपवासात एकवेळ जेवतात.

एक बारीक गोष्ट राहते, तिच्यात जीव जाऊ शकतो. 'कऴिक्कुग' हे क्रियापद जेवणाला लागतं तसंच औषधालाही: 'मरुन्नु कऴिक्कुग'. म्हणून 'ओन्नुम कऴिक्करुत', म्हणजे 'काहीही खाऊ नका', वाचून रुग्ण रक्तदाबाची सकाळची गोळीही सोडतो. औषधांची ओळ वेगळी हवी, गोळीचं नाव, वेळ आणि किती पाण्याबरोबर हे सगळं डॉक्टरांनी भरून. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या ओळी तुम्ही अंदाजाने कधीच भरायच्या नाहीत.

तपासणीबद्दल माझं एक ठाम मत आहे, त्यावर वाद झाले तरी चालेल. वॉर्डातल्या मल्याळी नर्सला 'जरा नजर टाक' म्हणणं ही तपासणी नाही. तिला नियम आधीच पाठ असतो, त्यामुळे गळलेला 'कूर' तिला मनातल्या मनात दिसतो. जुन्या कागदावरून वाक्यं उचलायला सांगणारे वरिष्ठही तितकेच धोक्याचे, कारण चूकही त्याच मार्गाने पुढे जाते. रुग्णालयाशी संबंध नसलेले दोन वाचक शोधा, एक उत्तर केरळचा, एक दक्षिणेचा. कागद हातात द्या आणि मूळ इंग्रजी दाखवू नका. 'समजलं का?' विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. विचारा: बुधवारी सकाळी 6 ला तहान लागली तर काय पिणार? साडेआठला? रात्री साडेअकराला दूध घेतलं तर चालेल? सकाळची गोळी घेणार की नाही? दोघांचं एकही उत्तर वेगळं आलं तर वाचकाला समजावू नका, ते वाक्य बदला आणि तिसऱ्या माणसाला दाखवा.