टीमच्या चॅनेलवर कौतुक कसं लिहायचं (नवीन लीड झालेल्यांसाठी)

नवीन लीड झालं की रिलीज संपल्यावर चॅनेलवर काहीतरी चांगलं टाकायचं असतं एवढं सगळ्यांना माहीत असतं, आणि मग येतो तोच मेसेज, "ग्रेट वर्क टीम! स्पेशल थँक्स टू समीर, नेहमीप्रमाणे रॉकस्टार!" यातला "नेहमीप्रमाणे" हा शब्द बाकीच्यांना बरोबर टोचतो, कारण समीरने नेमकं काय केलं ते कुठेच नाहीये, म्हणजे मग तो साहेबांचा लाडका एवढंच उरतं. आणि गंमत म्हणजे समीरलाही कळत नाही की पुढच्या वेळी काय परत करायचं.

मी असा मेसेज लिहायच्या आधी थोडं खोदकाम करतो. जिराच्या बोर्डवर तिकीट कोणी बंद केलं ते दिसतं, पण रिव्ह्यूमध्ये मोठा घोळ कोणी अडवला, सपोर्टचे कॉल कोणी झेलले, हे तिथे दिसतच नाही. त्यासाठी पुल रिक्वेस्टवरच्या कमेंट वाचायच्या, रिलीजच्या दिवसाचा थ्रेड वरपासून खाली बघायचा, आणि प्रत्येकाला पर्सनलवर एकच प्रश्न टाकायचा, "या वेळी तुझं काम कोणामुळे सोपं झालं?" या प्रश्नाच्या उत्तरात जी नावं येतात ती बऱ्याचदा आपल्या डोक्यात नसतातच, कारण आपल्याला आठवतो तो शेजारच्या डेस्कवरचा नाहीतर स्टँडअपमध्ये जास्त बोलणारा, नागपूरहून घरून काम करणारी फरीदा नाही.

आता उदाहरण घेऊ, बिलिंगच्या टीमचं, नावं आणि आकडे उदाहरणापुरतेच. मेसेज असा:

"गुरुवारचं इनव्हॉइसचं रिलीज रोलबॅक न करता गेलं. रेश्माने स्टेजिंगवर पकडलं की क्रेडिट नोटची रक्कम वजा व्हायच्या ऐवजी बिलात मिळवली जात होती, नाहीतर कस्टमरला चुकीची बिलं गेली असती. समीरने इंडेक्स लावून रात्रीचा जॉब 40 मिनिटांवरून 6 वर आणला. इंडेक्स लावताना टेबल लॉक होईल हे विनायकने रिव्ह्यूमध्ये काढलं, म्हणून तो आपण दुपारी न लावता रात्री लावला. फरीदाने दिवसभर सपोर्टची तिकिटं एकटीने घेतली त्यामुळे बाकी कोणाला कोड सोडून उठावं लागलं नाही."

बघा, कौतुकाचं एकही विशेषण नाही. प्रत्येकासाठी काम काय आणि त्या कामामुळे काय टळलं किंवा बदललं, बास. क्रम पण मुद्दाम कामाच्या ओघाने, सीनियर आधी असं नाही. लिहून झालं की मी एक चाचणी करतो, दोन नावांची अदलाबदल करून बघायची, वाक्य तरीही खरं वाटलं तर ते वाक्य पोकळ आहे, परत लिहायचं.

एक गोष्ट मात्र मी कटाक्षाने टाळतो, "रात्री 2 पर्यंत बसला" असलं कौतुक. त्यात काम नाही, तास मोजले जातात, आणि ज्याच्या घरी लहान बाळ आहे तो गप्प बसतो. तसंच "तब्येत बरी नसताना केलं" हेही नाही, तब्येत ही त्याची खाजगी गोष्ट आहे ना! कोणाला चारचौघात नाव घेतलेलं आवडत नसेल तर आधी विचारा, नाही म्हणाला तर त्याला पर्सनलवर नीट लिहा आणि अप्रेझलच्या नोंदीत ते टाकून ठेवा.

मग लोक म्हणतात सगळ्यांचीच नावं टाकली की झालं, कोणी नाराज नको. अहो, ती हजेरी झाली, कोणी वाचत नाही. फेव्हरिटिझम एका मेसेजमध्ये मोजायचा नसतोच, तो तीन-चार महिन्यांत दिसतो. मी एक साधी शीट ठेवतो, तारीख, नाव, काम. तिमाही संपली की बघायचं. एखाद्याचं नाव कुठेच नसेल तर त्याच्यासाठी ओढूनताणून कौतुक शोधू नका, टीमला ते लगेच कळतं. दोनच शक्यता असतात, एक तर त्याचं काम आपल्यापर्यंत पोचत नाहीये, नाहीतर दिसेल असं काम आपण त्याला देतच नाही आहोत, आणि दुसरं असेल तर दुरुस्ती मेसेजमध्ये करायची नाही, पुढच्या स्प्रिंटच्या वाटपात करायची.

आणि कोणाचं नाव राहिलंच तर? जुना मेसेज एडिट करून गुपचूप घुसवू नका, स्लॅकवर एडिट करून मेन्शन टाकलं तर त्या माणसाला नोटिफिकेशन जातच नाही. त्याच थ्रेडमध्ये नवीन रिप्लाय लिहा, "डेटा मायग्रेशनची स्क्रिप्ट नेहाने लिहिली, ते माझ्याकडून राहिलं", आणि तो रिप्लाय चॅनेलवरही जाईल असा बॉक्स टिक करा, कारण थ्रेड उघडून बघणारे फार थोडे असतात.