एलएनए गच्चीवर लावायचा की टेबलावर? आधी हिशेब करा

डिश गच्चीवर, रिसीव्हर खालच्या खोलीत, मधे लांबलचक केबल. आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा १४२० मेगाहर्ट्झचा सिग्नल पकडायचा आहे. मग एलएनए, म्हणजे कमी नॉइजचा ॲम्प्लिफायर, कुठे जोडाल? सोय म्हणून मी तो टेबलावरच लावला होता. हिशेब आधी केला असता तर पहिल्याच दिवशी जिना चढलो असतो.

आधी प्रत्येक टप्प्याचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती पट करतो, आणि नॉइज फिगर, म्हणजे तो सिग्नलच्या तुलनेत नॉइज किती पट वाढवतो, हे लिहून काढा आणि डीबीचे साधे आकडे करा: 10^(dB/10). समजा, एलएनएचा गेन २० डीबी (१०० पट) आणि नॉइज फिगर ०.८ डीबी (१.२०) आहे. रिसीव्हरचा नॉइज फिगर ६ डीबी (४). केबलमध्ये ३ डीबी जातात, म्हणजे तिचा गेन ०.५ आणि नॉइज फिगरही ३ डीबीच (२). केबल सिग्नल अर्धा करते, पण नॉइज तेवढाच राहतो.

आता हॅराल्ड फ्रिस यांचं १९४४ सालचं सूत्र, F म्हणजे नॉइज फिगर, G म्हणजे गेन, दोन्ही साध्या आकड्यांत:

```
F = F1 + (F2-1)/G1 + (F3-1)/(G1*G2)
```

भागाकार पाहा. दुसऱ्या टप्प्याचा नॉइज मिसळतो तेव्हा सिग्नल आधीच G1 पट वाढलेला असतो, म्हणून तो नॉइज तितका किरकोळ ठरतो. पहिल्याच्या F1 ला मात्र कशानेच भाग जात नाही.

एलएनए डिशपाशी: १.२० + १/१०० + ३/५० = १.२७, म्हणजे जेमतेम १ डीबी. केबल आणि रिसीव्हर दोघांनी मिळून फक्त ०.०७ ची भर घातली.

एलएनए टेबलावर: २ + ०.२०/०.५ + ३/५० = २.४६, म्हणजे ३.९ डीबी. वस्तू त्याच, क्रम तेवढा बदलला. नॉइजच्या तापमानात, म्हणजे (F-1)*290 ने, सांगायचं तर ७९ केल्विनऐवजी सुमारे ४२५. केबलने घालवलेलं एलएनए परत आणू शकत नाही. तो नॉइजही तितकाच वाढवतो.

खातरजमा करायला डिश आधी मोकळ्या आकाशाकडे धरा, मग तोंड जमिनीकडे करा. जमीन साधारण २९० केल्विनची, आकाश १० च्या आसपास धरलं तर पहिल्या जोडणीत नॉइजची पातळी ६ डीबीने चढायला हवी, दुसरीत जेमतेम २. प्रत्यक्षात थोडी कमीच चढते, कारण डिशच्या कडेवरून जमीन डोकावते. रिसीव्हरचा ऑटोमॅटिक गेन आधी बंद करा, नाहीतर तो फरक गिळून टाकेल.

जवळ मोबाइल टॉवर असेल तर एलएनए ओव्हरलोड होतो आणि फिल्टर लागतो. पण १ डीबी खाणारा फिल्टर एलएनएच्या आधी बसवलात तर एकूण नॉइज फिगर बरोबर १ डीबीने वाढतो. जमलं तर तो नंतर बसवा. एलएनए स्वतःच गुदमरत असेल, तरच आधी.

वर बसवलेल्या एलएनएला वीज केबलमधूनच जाते. आरटीएल-एसडीआर हा स्वस्त यूएसबी रिसीव्हर असेल तर ती चालू करायला `rtl_biast -b 1`. हे विसरलात तर बिनविजेचा एलएनए सिग्नल नुसता अडवतो आणि जमीन-आकाश फरक जवळपास शून्य दिसतो.